कथा: गुरुवारचा रकाना

पागोळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा कथा टाकतेय. पात्रं आणि गाव बदललंय, पण तक्त्यांमागची गोष्ट माझ्या मनात फार दिवस घोळतेय. आकड्यांबद्दल काही चुकलं असेल तर बिनधास्त सांगा, इथे त्यातली जाणकार मंडळी आहेत हे माहितीये म्हणूनच इथे टाकतेय.

---

आण्णा गेले त्या वर्षी रेवाच्या वाट्याला त्यांची पत्र्याची पेटी आली. पेटीत बावीस फुलस्केप कागद होते, एका वर्षाला एक, १९६३ ते १९८४. उभ्या ओळीत १ ते ३१ तारखा, आडवे जून ते ऑक्टोबर महिने, निळ्या शाईच्या रेघा आणि महिन्याची बेरीज खाली लाल शाईत. आण्णा वेदगंगेच्या खोऱ्यातल्या एका गावी प्राथमिक शिक्षक होते, शाळेच्या आवारातच दोन खोल्यांत राहायचे आणि आवारातल्या पर्जन्यमापकात रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचे. पाच इंची नरसाळं, त्याखाली बाटली, बाहेरून पत्र्याचा डबा, आणि मोजायला रेघांचं काचेचं भांडं, एवढंच ते यंत्र.

रेवा कोल्हापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्टला विषय हवा होता. सर म्हणाले बावीस वर्षं म्हणजे चांगला डेटा आहे, टाइप कर आणि दर किती वर्षांनी पाऊस कमी होतो ते बघ. म्हणून तिने आधी नुसत्या लाल बेरजा टाइप केल्या आणि ग्राफ काढला, १९७२ चा खड्डा स्पष्ट दिसला, बाकी रेघ वरखाली होत राहिली, कधी तीन वर्षांनी कधी पाच, हाती काही लागेना. मग सर म्हणाले रोजचे आकडे टाक.

रोजचे आकडे म्हणजे तीन हजारांच्या वर घरं. ती रात्री जेवण झालं की बसायची, डाव्या हाताचं बोट कागदावर, उजवा हात आकड्यांच्या बटणांवर. आण्णांचा १ आणि ९ सारखेच दिसायचे, फक्त ९ ची शेपटी किंचित डावीकडे वळलेली, ते ओळखायला दोन दिवस गेले. कोरड्या दिवशी आण्णा "नि." लिहायचे, निरंकचा नि. काही घरांत नुसतं गोल होतं. रेवा दोन्हीला शून्य टाइप करत गेली.

१९६७ च्या जुलैत तिचा हात अडखळला. ४१.२, १८.६, ३३, २७.४, ५२.८, शून्य, ७१.४. मग अजून पाच आकडे आणि शून्य. परत सहा आकडे आणि शून्य. डोळ्याला काही कळायच्या आत बोटांना कळलं होतं की आता शून्य येणार, कारण दर सातव्या वेळी अंगठा त्याच बटणावर जात होता. तिने कागद बघितला, ६, १३, २० आणि २७ तारीख. ऑगस्टमध्ये ३, १०, १७, २४, ३१. मोबाइलवर १९६७ चं कॅलेंडर काढलं तर सगळे गुरुवार.

कागदावर हे कधी दिसलंच नसतं. तिथे जुलैचा गुरुवार ६ ला आणि शेजारच्या रकान्यात ऑगस्टचा ३ ला, पुढच्या वर्षी तो अजून सरकलेला, त्यामुळे गोलं पानभर विखुरलेली दिसतात. सगळे दिवस एकाखाली एक आले तेव्हाच ती एका सरळ ओळीत उभी राहिली.

तिने जुलै-ऑगस्ट वेगळे काढले, कारण त्या खोऱ्यात त्या दोन महिन्यांत कोरडा दिवस क्वचितच. १९६३ ते १९७० या आठ वर्षांत जुलै-ऑगस्टचे गुरुवार ७१. त्यातल्या ६९ गुरुवारी शून्य. बाकी दिवसांची सरासरी २९ ते ३३ मिमीच्या आसपास, गुरुवारची ०.७ आणि शुक्रवारची ६१.

म्हणजे आण्णा गुरुवारी मोजतच नव्हते. रेवाला हे फार लागलं. आण्णा म्हणजे वहीच्या मागच्या पानावरही समास सोडणारा माणूस, आणि त्यांनी पाऊस पडत असताना शून्य लिहिलं? ती रात्र तिने लॅपटॉप मिटून काढली. सरांना काय सांगायचं, की माझ्या आजोबांनी आठ वर्षं खोटं लिहिलंय?

सकाळी ती ज्या दोन गुरुवारी आकडा होता ते बघायला बसली. १५ ऑगस्ट १९६३ आणि १५ ऑगस्ट १९६८. दोन्ही झेंडावंदनाचे दिवस.

ती कागद घेऊन आजीकडे गेली. आजी ओट्यावर लसूण सोलत होती. "आजी, गुरुवारी आण्णा कुठं असायचे गं?"

"बाजारला. दुसरं कुठं? बाजारच्या दिवशी शाळंला सुट्टी असायची, मग तांबडं फुटायच्या आत गाडी जुपायची. दिवस मावळता परत."

"आणि पाऊस कोण मोजायचं?"

"कोण मोजणार? ऱ्हायाचा तसाच बाटलीत. दुसऱ्या दिशी मोजायचे." मग लसूण बाजूला ठेवून आजीने तो कागद डोळ्यांजवळ धरला. तिला आकडे वाचता येत नाहीत, पण तिने एका घरावर बोट ठेवलं. "ह्यो गोल म्हंजी बाजार. मला म्हनायचे, बघ, ह्ये घर मोकळं ठेवलंय."

रेवाने पाठोपाठ पानं उलटली. कोरड्या दिवशी "नि.", गुरुवारी गोल. ते गोल शून्यापेक्षा मोठं होतं, घराच्या चारी कडांना टेकेल एवढं. आण्णांनी कधी शून्य लिहिलंच नव्हतं. शून्य तिने टाइप केलं होतं.

"मग १९७१ पासून गुरुवारी आकडे कसे आले?"

"सत्तर साली लई पाऊस. बाजारस्नं आले आनि दुसऱ्या दिशी बघत्यात तर बाटली भरून वाहिलेली, भायेरचा डबा गंजून बुडाला भोक पडल्यालं, सगळं पानी मातीत. दिवसभर जेवले न्हाईत. मग दुसरी बाटली आनली. मला म्हनाले, तू वाचू नकोस, निस्ती बाटली बदल. म्हशीची धार काढून झाली की मी जायची, भरल्याली काढायची, मोकळी ठेवायची, भरल्यालीला बूच मारून फळीवर. सांजच्याला येऊन ते मोजायचे."

७ ऑगस्ट १९७०, शुक्रवार, त्या घरात "१००+" लिहिलेलं आहे. बावीस वर्षांत अधिकचं चिन्ह असलेलं ते एकच घर.

१९७१ ते १९८४ चे गुरुवार १२४. त्यांची सरासरी २९ आली, शुक्रवारची ३३, बाकी दिवसांची ३१. रेवाने गणित केलं, २९ ला ३१ ने भागून चोवीसने गुणलं, साडेबावीस तास. म्हणजे आजी साडेआठला नाही, सातच्या सुमाराला बाटली बदलत होती. तिने प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर निरीक्षक म्हणून दोन नावं घातली.

---

सुलभाताई

खूप आवडली. आजीचं "ह्ये घर मोकळं ठेवलंय" वाचून थांबले थोडा वेळ. माझ्या सासऱ्यांच्या डायऱ्या आहेत, पावसाच्या नाहीत, शेतीच्या, पण त्यातही प्रत्येक नक्षत्राला किती पाऊस ते असायचं, मृगात पेरणी झाली का, म्हाताऱ्या पावसानं झोडपलं का, असं. त्या जीर्ण झाल्यात, पानं हात लावला की तुटतात. कुणाला माहीत असेल तर सांगा अशा वह्या जपायच्या कशा?

मृगाचा_किडा

छान कथा. पण मला वाटतं रेवाने पहिला शोध फार लवकर सोडला. सूर्यावरच्या डागांचं ११ वर्षांचं चक्र असतं, बावीस वर्षं म्हणजे बरोबर दोन चक्रं होतात, वार्षिक बेरजांमध्ये ते नक्की दिसलं असतं. आणि गुरुवारचं म्हणाल तर आठवड्याच्या वारांप्रमाणे पाऊस बदलतो यावर खरंच संशोधन झालेलं आहे, शहरातला धूर कामाच्या दिवसांत जास्त, सुट्टीला कमी, त्याचा ढगांवर परिणाम होतो. तेव्हा गुरुवारी खरंच पाऊस कमी असू शकतो हा मुद्दा कथेत यायला हवा होता.

जलमापक

पागोळी, नोकरीची बरीचशी वर्षं मी पावसाच्या नोंदी तपासण्यात घालवली. तुमच्या कथेतली गोष्ट मी प्रत्यक्ष अनेक नोंदवह्यांत बघितली आहे, बहुतेक ठिकाणी ती रविवारची असते, सोमवारी आकडा दुप्पट. बाजाराच्या दिवसाची तर अगदी पटली.

मृगाचा_किडा, वारांप्रमाणे पाऊस बदलतो का यावर संशोधन झालंय हे बरोबर, पण तिथे वाद आहे तो थोड्याशा फरकाचा, आणि तोही सगळ्यांना मान्य नाही. इथे तर पाऊस शून्यावर आलाय, आणि घाटाजवळच्या गावात १९६० च्या दशकात कुठला धूर? पण खरी खूण गुरुवारात नाहीच, ती शुक्रवारात आहे. गुरुवारी पाऊस खरंच कमी पडत असता तर शुक्रवार बाकी दिवसांसारखाच राहिला असता. इथे शुक्रवार ६१ आहे. गुरुवार-शुक्रवार मिळून साधारण ६२, अर्धे केले तर ३१, म्हणजे बाकी दिवसांइतकाच. पाणी कुठे गेलेलं नाही, एक घर खाली सरकलंय. कुठल्याही जुन्या नोंदीत असा खड्डा दिसला की मी आधी त्याच्या पुढच्या घरातला उंचवटा बघतो. उंचवटा असेल तर माणूस गैरहजर होता, नसेल तर मग हवामानाचा विचार करायचा.

आणि ११ वर्षांचं. बावीस वर्षांत ते चक्र फक्त दोनदा बसतं. दोनदा जुळलेली गोष्ट योगायोगानेही जुळते. त्याच बावीस बेरजा चिठ्ठ्यांवर लिहून पिशवीत हलवा आणि एकेक काढून ग्राफ मांडा, दहा वेळा केलंत तर दोन-तीनदा तरी तुम्हाला छान चक्र दिसेल. मी हे लोकांसमोर करून दाखवलंय.

घाटावरचा

एक शंका. गुरुवारी मोजलं नाही म्हणजे गुरुवारचा पाऊस शुक्रवारात गेला असंच ना? मग शुक्रवारचे अर्धे करून गुरुवारात टाकले की काम झालं, एवढं अवघड काय त्यात?

जलमापक

घाटावरचा, दोन गोष्टी. सकाळी साडेआठला मोजलेलं पाणी हे आदल्या चोवीस तासांचं असतं आणि ते मोजलेल्या तारखेला लिहितात. म्हणजे गुरुवारच्या घरात जे यायला हवं होतं तो मुख्यतः बुधवारचा दिवसभराचा आणि रात्रीचा पाऊस. जुन्या वर्तमानपत्रातल्या बातम्यांशी नोंदी ताडून बघणारे इथेच फसतात, पूर मंगळवारी आला आणि आकडा बुधवारी कसा, म्हणून नोंद चूक ठरवतात.

दुसरं, अर्धे करायचे नाहीत. घाटात एक दिवस ९० आणि दुसरा दिवस ५ असं सर्रास होतं, आपण ४७.५ आणि ४७.५ लिहिलं तर दोन खोटे दिवस तयार केले. गुरुवारचं घर रिकामं ठेवायचं आणि शुक्रवारपुढे "दोन दिवसांचा" अशी खूण करायची. शेजारच्या गावी रोजची नोंद असेल तर तिथल्या प्रमाणात विभागता येतं, पण तेही वेगळ्या रकान्यात, मूळ आकडा तसाच ठेवून.

महिन्याच्या बेरजेला याने फरक पडत नाही, फक्त महिनाअखेर गुरुवार आला की पडतो. पागोळींनी १९६७ चा ३१ ऑगस्ट दिलाय, त्या दिवशीचं पाणी १ सप्टेंबरच्या घरात गेलं, म्हणजे ऑगस्टची लाल बेरीज तेवढी कमी आणि सप्टेंबरची तेवढी जास्त. खरा घोळ होतो तो दोन ठिकाणी. अडीच मिमी किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरतात, ते दिवस कमी मोजले जातात. आणि एका दिवसातला सर्वांत मोठा पाऊस खोटा मोठा होतो. रस्त्यावरच्या मोरीचा पाइप केवढा घालायचा हे त्या आकड्यावरून ठरवतात, म्हणून मी त्या बाबतीत फार काटेकोर होतो. रेवाने वर्षातला कमाल पाऊस काढला असेल तर त्यातले किती शुक्रवार आहेत ते बघावं.

पागोळी

आत्ताच बघितलं. पहिल्या आठ वर्षांपैकी पाच वर्षांत कमाल दिवस शुक्रवार आहे. हे मला सुचलंच नव्हतं.

ओंकार_पुणे

मी दोन वर्षांपासून गच्चीवर प्लास्टिकचा पर्जन्यमापक ठेवलाय, रोज वॉट्सअॅप ग्रुपवर आकडा टाकतो. हा धागा वाचून माझी शीट उघडली तर माझा सोमवार फुगलेला, कारण शनिवार-रविवार मी गावाला असतो आणि सोमवारी सकाळी आल्यावर मोजतो, आणि शनिवार-रविवारच्या घरात ग्रुपचा फॉर्म आपोआप शून्य टाकतो! माझ्यामुळे आमच्या सोसायटीत वीकेंडला पाऊस पडत नाही असं दोन वर्षं दिसतंय. हे वारांप्रमाणे काढायचं कसं ते कुणी सांगेल का, मला फॉर्म्युले जमत नाहीत. आणि गच्चीवर ठेवलेलं चालतं का?

पागोळी

ओंकार, A मध्ये तारीख, C मध्ये पाऊस असेल तर मी असं केलं:

```
B2:  =WEEKDAY(A2,2)
E2:  =AVERAGEIFS(C:C,B:B,4)
```

B2 खालपर्यंत ओढायचं. त्यात सोमवार १ आणि रविवार ७ असतो, म्हणून ४ म्हणजे गुरुवार, तुम्ही १, ६, ७ घालून बघा. मोजलं नसेल तर C मधलं घर खरोखर रिकामं ठेवा, रिकामं घर सरासरीत धरलं जात नाही पण शून्य टाकलं की धरलं जातं. मी नेमकं तेच केलं होतं.

जलमापक

ओंकार, गच्चीवर कठड्याजवळ ठेवू नका. वारा कठड्यावर आपटून वर उसळतो आणि थेंब नरसाळ्यावरून पलीकडे जातात, पाऊस कमी दिसतो, वारा जितका जास्त तितका जास्त कमी. जमिनीवर, नरसाळ्याची कड साधारण ३० सेंमी उंचीवर, आणि झाडं-भिंती शक्य तितक्या लांब. गच्चीशिवाय जागाच नसेल तर मधोमध ठेवा आणि जागा बदलू नका. जागा बदलली की ती तारीख लिहून ठेवा.

तांबडी_माती

यंदा मृगाचं वाहन काय आहे? आमच्याकडे बेडूक असला की पेरायला हरकत नाही म्हणतात. आजोबांच्या तक्त्यात वाहन लिहिलंय का, त्यावरून किती खरं ठरलं ते काढता येईल.

पागोळी

तांबडी_माती, वाहन नाही लिहिलेलं. पण १९६३ ते ८४ ची जुनी पंचांगं कुणाकडे असतील तर वाहन शेजारच्या रकान्यात भरून बघता येईल, नक्षत्रं दरवर्षी जवळपास त्याच तारखांना लागतात म्हणून बेरजा काढणं सोपं आहे. यंदाचं मला माहीत नाही.

निवृत्त_गुरुजी

कथा चांगली आहे. मी स्वतः छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत होतो, बाजारच्या दिवशी सुट्टी किंवा अर्धी शाळा असायची हे खरं, माझ्या पहिल्या गावी मंगळवार होता. पण एक खटकलं. हजेरीपटात सुट्टीच्या दिवशी आम्ही रकान्यात उभी रेघ मारायचो आणि वरून खाली "रविवार" लिहायचो, गोल कधी काढलं नाही. मास्तर माणूस हाताच्या सवयीने रेघच मारेल. तेव्हा ते गोल आजीने नंतर सांगितलेला अर्थ तर नाही ना? माणसं जुन्या गोष्टींना मागाहून अर्थ लावतात, त्यात त्यांची चूक नसते. आण्णांनी सुरुवातीला खरंच शून्य लिहिलं असेल आणि नंतर त्यांनाच ते बरं वाटलं नसेल, असंही असू शकतं.

पागोळी

गुरुजी, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला आणि मी तो टाळला. उभ्या रेघेचं म्हणाल तर हजेरीपटात दिवस आडवे असतात, या तक्त्यात तारखा उभ्या, इथे एका घरात रेघ मारली तर ती १ दिसेल. पण हे माझं मत झालं, पुरावा नाही.

जलमापक

पुरावा कागदावरच मिळेल. महिन्याच्या बेरजा लाल शाईत आहेत म्हणता, म्हणजे त्या महिनाअखेर लिहिल्या. गोलं आणि आकडे एकाच निळ्या शाईत, एकाच ठळकपणाचे आहेत का ते बघा. जूनच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरात गुरुवार आजूबाजूच्या दिवसांसकट कोरडा असेल तर तिथे "नि." आहे की गोल ते बघा. तिथेही गोलच असेल तर आजी म्हणते ते खरं. मोजायला माणूस नव्हता तर कोरडा होता हे आण्णांना तरी कसं कळणार? आणि ६९ च्या ६९ घरं भिंगाखाली बघा, नुसती पानं चाळू नका.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला आवडणार नाही. सातच्या सुमाराला बाटली बदलली हा निष्कर्ष आकड्यांतून निघत नाही. रोजचा पाऊस फार उड्या मारतो, एक दिवस २, एक दिवस ११०. अशा १२४ दिवसांची सरासरी काढली की तीच दोन-तीन मिमी इकडेतिकडे होते, बाटली कधीही बदला. २९ आणि ३१ मधला फरक त्याच्या आतला आहे. खात्री करायची असेल तर त्याच चौदा वर्षांतले सोमवार आणि मंगळवार वेगळे काढा.

पागोळी

काढले. सोमवार ३२.६, मंगळवार २९.४. म्हणजे तिथे कुणी बाटली बदलत नसताना फरक जास्तच आहे :( बाकी दिवसांची सरासरी ३१ होती म्हणून मी त्यातले दिवस वेगळे करून बघितलेच नव्हते.

सुलभाताई

पण आजी स्वतः म्हणतेय ना धार काढून झाली की. म्हशीची धार सातपर्यंत उरकतेच, त्याला सरासरी कशाला हवी?

जलमापक

सुलभाताई, आजीचं म्हणणं ही स्वतंत्र नोंद आहे आणि मी ती आकड्यांपेक्षा वर ठेवेन. फक्त आकड्यांनी ती सिद्ध झाली असं लिहू नये. प्रोजेक्टमध्ये "सांगण्यावरून, सकाळी धारेनंतर" एवढं लिहिलं तरी पुरे आहे. दोन नावं मात्र नक्की राहू द्या.

जाता जाता, बाटलीत साधारण १०० मिमीच मावतं, म्हणून जोराच्या पावसात दिवसातून दोन-तीनदा मोजून बेरीज करायची असते. बाटली वाहिली तरी बाहेरचा डबा पाणी धरतो, १९७० च्या आधी शुक्रवारी शंभराच्या वर आकडे असतील तर आण्णा डब्यातलं पाणीही ओतून मोजत होते असं समजायचं.

पागोळी

आहेत, ११८ आणि १३१ असे दोन आहेत. आजीचा गंजलेला डबा त्यामुळे बरोबर बसतो.

काल रात्री भिंग घेऊन बसले. शाई एकच आहे, एका जागी तर आकड्याचा ओला टिपका शेजारच्या गोलावर सांडून दोन्ही एकत्र पसरलेत, म्हणजे ती दोन्ही एकाच बैठकीतली. ऑक्टोबरातल्या कोरड्या आठवड्यांत गुरुवारी गोलच आहे, आजूबाजूला "नि." "नि." आणि मध्ये गोल. गुरुजी, तुमची शंका होती म्हणून हे बघितलं गेलं, आभार.

पण ६९ पैकी गोलं ६६ निघाली. तीन घरांत "नि." आहे आणि मी टाइप करताना सगळं शून्य केल्यामुळे ते मला दिसलं नव्हतं. तिन्ही १९६९ चे, ७, १४ आणि २१ ऑगस्ट, सलग तीन गुरुवार.

जलमापक

आजूबाजूचे दिवस कसे आहेत? आणि त्या तिन्ही शुक्रवारी किती?

पागोळी

आजूबाजूला कमीच, २, नि., ४.४ असे. पावसाने उघडीप दिलेली दिसतेय. शुक्रवार ३.२, नि., ६. दुप्पट वगैरे काही नाही.

जलमापक

मग ते खरे कोरडे दिवस, मोजलेले. ते तीन गुरुवार आण्णा घरी होते. ती घरं रिकामी ठेवू नका, तिथे शून्यच ठेवा.

पागोळी

ठेवते. आजीला सकाळी फोनवर विचारलं की त्या साली तीन आठवडे बाजार का चुकला. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली की एकदा बैलाच्या पायाला फाळ लागला होता तेव्हा गाडी बंद होती, पण ते त्याच साली का मागच्या साली ते काही आठवत नाही.